उशी घेताना आधी गादी बघा

सकाळी उठल्यावर मान डावीकडे वळते, उजवीकडे वळत नाही. आंघोळ झाली, चहा झाला, दुपार होता होता मान मोकळी होते आणि आपण विषय विसरतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. तुमच्या घरात असं कोणाचं होतंय का? मग आजचं हे पान त्यांनाही वाचून दाखवा.

एक खूणगाठ आधी बांधून ठेवा. मान सकाळी सगळ्यात जास्त दुखत असेल आणि दिवस वर येईल तशी सुटत असेल, तर संशय उशीवर किंवा गादीवर घ्यायचा. सकाळी बरी असते आणि संध्याकाळपर्यंत दुखणं वाढत जातं, असं असेल तर दोष बहुतेक खुर्चीचा, कॉम्प्युटरचा नाहीतर मान खाली घालून मोबाइल बघण्याचा. तिथे हजारो रुपयांची उशी आणली तरी उपयोग होणार नाही.

आमच्या घरी हा प्रश्न आला तो सासूबाईंच्या निमित्ताने. त्यांचं सगळं आयुष्य जुन्या रायपूरच्या तात्यापाऱ्यात गेलं. इथे पिढ्यान् पिढ्या मराठी कुटुंबं राहतात हे रायपूरच्या वाचकांना सांगायला नको. मागच्या वर्षी आम्ही सगळे नव्या रायपूरला फ्लॅटमध्ये राहायला आलो. जुना लाकडी पलंग जिन्यातून वर येईना, म्हणून तो आणि त्यावरची कापसाची गादी तिथेच राहिली. नव्या घरात मऊ, जाड गादी आली. सासूबाई म्हणाल्या, "गादी तुमच्या आवडीची घ्या, उशी मात्र माझीच राहील." नव्या घरात जुनी, बसलेली उशी कशाला, म्हणून ती त्यांनी ओळखीच्या गादीवाल्याकडून पिंजून घेतली, नवा कापूस घालून टच्च भरून घेतली.

पंधरा दिवसांत त्यांची मान धरली. घरात जो तो सल्ला द्यायला लागला. मुलगा म्हणाला मेमरी फोम आणू, नणंद म्हणाली पिसांची उशी पाठवते, शेजारच्या काकू म्हणाल्या फायबरची घ्या, धुता तरी येते. कोणती चांगली, यावर आठवडाभर चर्चा झाली. चूक मात्र तिसरीकडेच होती.

उशीचं काम एवढंच

तुम्ही कुशीवर झोपता तेव्हा खांदा गादीवर टेकतो आणि डोकं हवेत राहतं. डोकं आणि गादी यांच्यामध्ये जी पोकळी उरते, ती भरून काढणं हे उशीचं काम. ती बरोबर भरली तर नाक, हनुवटी आणि छातीचा मध्य एका सरळ रेषेत येतात. उशी उंच असेल तर डोकं वरच्या खांद्याकडे ढकललं जातं आणि खालच्या बाजूचे स्नायू रात्रभर ताणलेले राहतात. उशी बुटकी असेल तर डोकं खाली लोंबतं आणि वरच्या बाजूचे स्नायू ताणले जातात. दिवसा असा ताण आला तर आपण लगेच मान हलवतो. झोपेत तो तासन् तास तसाच राहतो.

पाठीवर झोपणाऱ्यांची पोकळी बरीच लहान असते, त्यांना कमी उंचीची उशी पुरते. उंच उशीने त्यांची हनुवटी छातीकडे दाबली जाते. पोटावर झोपणाऱ्यांची मान आधीच एका बाजूला वळलेली असते. त्यांना अगदी पातळ उशी किंवा उशीच नको.

आता गंमत बघा. ही पोकळी किती, हे फक्त तुमच्या खांद्याच्या रुंदीवर ठरत नाही. गादीवरही ठरतं. कापसाची जुनी, घट्ट बसलेली गादी असेल तर खांदा तिच्यात रुतत नाही. तो पूर्ण वर राहतो, पोकळी मोठी होते आणि उंच उशी लागते. मऊ गादीत खांदा आत रुततो, पोकळी लहान होते आणि तीच उशी आता जास्त उंच ठरते. आमच्याकडे नेमकं हेच झालं होतं. गादी मऊ झाली आणि उशी त्याच वेळी उंच झाली. दोन्ही बदल एकाच दिशेने मान ढकलत होते.

टॉवेल आणि तांदूळ

मापायला काही विकत आणावं लागत नाही. चार-पाच टॉवेल घ्या. ज्याची मान दुखते त्याला त्याच्याच गादीवर, नेहमीच्या कुशीवर झोपू द्या. डोक्याखाली घडी घातलेले टॉवेल एकेक करून सरकवा. समोर उभं राहून बघा. नाक, हनुवटी आणि छातीचा मध्य सरळ रेषेत आले की थांबा. पाठीमागून मोबाइलवर फोटो काढला तर आणखी स्पष्ट दिसतं: मानेची रेष पाठीच्या कण्याच्या रेषेतच पुढे जायला हवी. मग डोकं टेकलेलं असतानाच दाबलेल्या टॉवेलांची उंची पट्टीने मोजा.

सासूबाईंचं माप नव्या गादीवर ८ सेंटिमीटर आलं. जुन्या घरी गेलो तेव्हा कापसाच्या गादीवरही मोजून बघितलं, तिथे १२ आलं. त्याच बाई, तोच खांदा, फरक ४ सेंटिमीटरचा.

आता उशीचं माप. दुकानात लेबलवर लिहिलेली उंची रिकाम्या उशीची असते. आपल्याला हवी ती डोक्याखाली दबलेली उंची. माणसाच्या डोक्याचं वजन साधारण साडेचार-पाच किलो असतं. आपण छत्तीसगडात राहतो, तांदळाची कमतरता नाही. जाड फडक्यात पाच किलो तांदूळ बांधून गोल गाठोडं करा, ते उशीच्या मध्यावर ठेवा आणि अर्ध्या तासाने गाठोड्याच्या खाली उशी किती उंच राहिली ते मोजा. हे काही प्रयोगशाळेतलं माप नव्हे, पण दोन उश्यांची तुलना करायला अगदी पुरेसं आहे.

टच्च भरलेली उशी तांदळाच्या गाठोड्याखाली १३ सेंटिमीटर राहिली. हवे होते ८. म्हणजे रोज रात्री मान ५ सेंटिमीटर वर ढकलली जात होती. आणि पिंजण्याआधीची जुनी, बसलेली उशी? तात्यापाऱ्याच्या गादीवर ती उलट बुटकी पडायची. म्हणूनच सासूबाईंना उशीखाली हात घालून झोपायची सवय होती. उशीला जे जमत नव्हतं, ते काम त्यांचा हात करत होता. तुमच्या घरी कोणी हात घालून झोपत असेल किंवा उशीची घडी घालून घेत असेल, तर समजा की उशी बुटकी आहे.

उंची कळली की मगच भरणाचा प्रश्न येतो. चारही भरणांना एकच प्रश्न विचारायचा: ही उंची तू रात्रभर टिकवशील का, आणि वर्षभर टिकवशील का?

कापूस

कापूस एका रात्रीत फारसा बसत नाही, त्यामुळे रात्रभर आधार एकसारखा राहतो. तो हळूहळू, महिन्यामहिन्याने बसतो. कापसाच्या तंतूला स्वतःहून उसळी नसते, दाबला की दबून राहतो. त्यात तो हवेतला ओलावा धरतो. आपल्या साध्या हवेत कापसाच्या वजनात आठ टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, आणि पावसाळ्यात किंवा कूलरच्या खोलीत ते वाढतं. ओला तंतू आणखी लवकर दबतो, गाठी होतात, वास येतो. म्हणून कापसाच्या उशीला ऊन लागतं. आठवड्यातून एकदा बाल्कनीत दोन-तीन तास, मध्ये एकदा उलटून. उन्हात ओल उडते आणि उशी थोडी फुगते. पण पूर्ण बसलेली उशी उन्हाने परत उभी राहत नाही, ती पिंजावीच लागते.

कापसाचा मोठा गुण असा की भरण तुमच्या हातात असतं. उशी उसवली, मूठभर काढला, मूठभर घातला. बाकी कोणत्याही उशीत हे इतकं सोपं आणि स्वस्त नाही. भरून घेताना समोर उभं राहा. चांगला कापूस बोटांनी ओढला तर लांब तंतू सुटतात. गिरणीचा टाकाऊ कापूस असेल तर ओढताच तुकडे होतात, मध्ये सरकीचे कण आणि रंगीत धागे दिसतात. भेसळीचा संशय असेल तर एक छोटा पुंजका घराबाहेर, मोठ्या माणसाने चिमट्यात धरून जाळून बघावा. कापूस कागदासारखा जळतो आणि मऊ राख उरते. पॉलिस्टर वितळून कडक मणी बनतो.

आपल्याकडे सावरीचा, म्हणजे इथल्या लोकांच्या भाषेत सेमलचा कापूसही मिळतो. उन्हाळ्यात बोंडं फुटून तो हवेत उडताना दिसतो. त्याचा तंतू आतून पोकळ असतो, म्हणून तो हलका आणि कमी दमट होणारा. पण तो ठिसूळही असतो. यंत्रावर पिंजला तर त्याचा भुगा होतो, म्हणून तो हाताने मोकळा करायचा आणि गाद्या पिंजण्याच्या मशीनपासून दूर ठेवायचा.

फायबर

फायबर म्हणजे पॉलिस्टरचा बारीक, पोकळ आणि स्प्रिंगसारखा वळवलेला तंतू. त्याला सिलिकॉनचा गुळगुळीत थर दिलेला असतो. वळणामुळे तो दाबून सोडला की उसळतो, आणि गुळगुळीतपणामुळे तंतू एकमेकांत अडकत नाहीत. ओलावा तो जवळजवळ धरतच नाही. उशी मशीनमध्ये धुता येते, धूळ सहन न होणाऱ्यांना आणि लहान मुलांच्या खोलीला हे सोयीचं.

तोटा असा की रोजच्या वापराने तंतूंचं वळण सरळ होत जातं आणि सिलिकॉनचा थरही झिजतो. मग उशी मध्ये खोलगट आणि कडेला फुगीर होते. नवी असताना ८ सेंटिमीटर राहणारी उशी वर्षा-दीड वर्षात ५-६ वर येते, आणि आपल्याला ते कळत नाही कारण बदल हळू झालेला असतो. घरीच तपासा. उशीची मधोमध घडी घालून सोडा. ती लगेच उलगडली तर जिवंत आहे. तशीच मिटून पडली तर तिचं आयुष्य संपलं, धुतल्याने ती सुधारणार नाही. विकत घेताना चेन उघडून चिमूटभर फायबर बोटांत चोळा. चांगला तंतू बोटांतून घसरतो. खरखरीत लागला आणि लगेच गोळा झाला तर तो टाकाऊ कपड्यांचा किंवा हलक्या प्रतीचा माल.

मेमरी फोम

हा फोम १९६० च्या दशकात अमेरिकेत नासाच्या कामासाठी, विमानातल्या आसनांच्या गादीकरिता तयार झाला. तो उष्णतेने मऊ पडतो. डोक्याची ऊब लागते तिथे तो दबतो आणि डोक्याच्या आकाराचा खळगा तयार होतो. त्यामुळे रात्रभर उंची टिकवण्यात तो पक्का, आणि दर महिन्याला बसण्याचा त्रासही नाही. एका जागी पाठीवर झोपणाऱ्याला तो आवडतो.

पण जो गुण तोच दोष. रायपूरच्या मे महिन्यात, पंख्याखाली, तो अधिक मऊ होतो आणि अपेक्षेपेक्षा खाली जातो. जानेवारीच्या थंडीत किंवा एसीच्या गार खोलीत तीच उशी सुरुवातीला कडक आणि उंच लागते. म्हणून माप घेताना ज्या खोलीत झोपता त्याच खोलीत घ्या. शिवाय अखंड फोममधून हवा कमी खेळते, मान तापते. सासूबाईंची तक्रार वेगळीच होती: "डोकं खड्ड्यात अडकतं, कूस बदलायची तर उठून बसावं लागतं." वय झालेल्या आणि वारंवार कूस बदलणाऱ्या माणसांसाठी ही बाब खरोखर विचारात घ्यावी अशी आहे.

हा फोम धुवायचा नाही आणि उन्हातही टाकायचा नाही. उन्हाने तो पिवळा पडतो आणि त्याचा चुरा होऊ लागतो. खोळ धुवायची, फोम सावलीत वाऱ्यावर ठेवायचा. खरा आहे की नाही ते तळहाताने दाबून बघा. हात काढल्यावर ठसा काही सेकंद राहून सावकाश भरून आला पाहिजे. लगेच टुणकन वर आला तर तो साधा फोम.

पिसं

नणंदेने जर्मनीहून खरंच पिसांची उशी पाठवली. तिथली पारंपरिक उशी चौकोनी, ८० बाय ८० सेंटिमीटरची. डोकं टेकवताच ढगात गेल्यासारखं वाटलं. तांदळाचं गाठोडं ठेवलं आणि बघता बघता मध्यावर ४ सेंटिमीटरसुद्धा उरलं नाही. पिसं डोक्याखालून कडेला सरकतात आणि थोपटल्याशिवाय परत येत नाहीत. म्हणजे रात्री दहाला जी उंची असते ती दोनला नसते. ऑस्ट्रेलियात सुझन गॉर्डन आणि सहकाऱ्यांनी कुशीवर झोपणाऱ्या लोकांना वेगवेगळ्या उश्या देऊन २००९ साली जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातही पिसांची उशी सगळ्यात मागे पडली. आणखी एक गोष्ट त्यात दिसली: मानेसाठी मुद्दाम उंचवटे दिलेल्या फोमच्या उशीला इतर उश्यांपेक्षा वेगळा फायदा आढळला नाही. रबराच्या झाडाच्या चिकापासूनही बनणाऱ्या लॅटेक्सच्या उशीने चांगली कामगिरी केली. ती आपल्याकडेही मिळते, पण जड आणि महाग असते.

पिसं ऊब धरून ठेवतात, ते जर्मनीच्या थंडीत ठीक. आपल्या पावसाळ्यात ती ओली राहिली तर कुबट वास येतो. मानेचं दुखणं असेल तर पिसांच्या उशीवर पैसे घालू नका.

शेवटी काय केलं?

सासूबाईंना नवी उशी आणलीच नाही. उशीत दीड किलो कापूस भरलेला होता. एक कड उसवून स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजत अर्धा किलो काढला. एक किलोवर गाठोड्याखालची उंची साडेआठ सेंटिमीटर आली. टाके न घालता सेफ्टी पिना लावून तीन रात्री झोपून बघायला सांगितलं. तिसऱ्या सकाळी त्या म्हणाल्या, "अजून किंचित उंच वाटते." आणखी ५०-६० ग्रॅम काढला आणि मग कड शिवली. दोन आठवड्यांत सकाळचं आखडणं गेलं. काढलेला कापूस फेकला नाही. तो पिशवीत बांधून कपाटात आहे. सहा महिन्यांनी उशी बसेल तेव्हा गाठोडं पुन्हा ठेवायचं आणि जेवढी उंची कमी झाली तेवढा कापूस परत घालायचा.

मुलाने हौसेने आणलेला मेमरी फोम ह्यांच्या वाट्याला गेला. हे पाठीवर झोपतात, रात्रभर हलत नाहीत आणि एसी लावतात. त्यांना तो मानवला. मुलीला सर्दीचा त्रास, तिला धुता येणारी फायबरची. पिसांची उशी सोफ्यावर पाठीला आहे, तिथे ती छान दिसते.

म्हणजे एकाच घरात तीन भरणं आणि तिन्ही बरोबर. तुम्हीही क्रम असाच ठेवा: आधी झोपण्याची पद्धत, मग गादीवरचं माप आणि शेवटी भरण. गादी बदलली की उशीचं माप पुन्हा घ्या. नवी उशी घेतल्यावर पहिले दोन-तीन दिवस थोडं वेगळं वाटतंच, पण आठवड्यानंतरही सकाळी मान दुखत असेल तर उंची चुकलेली आहे असं धरा.

दोन सूचना मात्र विसरू नका. एक वर्षाखालच्या बाळाला कोणतीच उशी देऊ नका. आणि दुखणं मानेतून हातात उतरत असेल, बोटांना मुंग्या येत असतील, पकड सैल झाली असेल, पडल्यानंतर दुखायला लागलं असेल किंवा सोबत ताप असेल, तर टॉवेल आणि तांदूळ बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जा.